शब्द बदलण्याचा अधिकार कोणाला?

अब्दुल्लाह इब्न उमर हे पैगंबर मुहम्मदांचे सहाबी, म्हणजे त्यांच्या सहवासात राहिलेले अनुयायी. दुसरे खलिफा उमर यांचे ते चिरंजीव. इस्लाम ज्या पाच गोष्टींवर उभा आहे, त्यांविषयीची हदीस ते एकदा सांगत होते. ईश्वराच्या एकत्वाची साक्ष, नमाज, जकात, रमजानचे रोजे आणि हज, असा क्रम त्यांनी सांगितला. ऐकणाऱ्यांपैकी एकाने ती यादी पुन्हा म्हणून पाहिली, पण शेवट ‘हज आणि रमजानचे रोजे’ असा केला. इब्न उमर यांनी त्याला तिथल्या तिथे थांबवले. नाही, आधी रोजे आणि मग हज, पैगंबरांच्या तोंडून मी असेच ऐकले आहे, असे त्यांनी बजावले.

त्या माणसाने एकही गोष्ट गाळली नव्हती की पदरची घातली नव्हती. अर्थाला कुठे धक्का लागला नव्हता, फक्त दोन शब्दांची जागा बदलली होती. तरीही इब्न उमर यांना ते चालले नाही. हा प्रसंग इमाम मुस्लिम यांच्या ‘सहीह’ या संग्रहात आहे. नवल पुढेच आहे. इमाम बुखारींच्या ‘सहीह’मध्ये हीच हदीस याच इब्न उमर यांच्या नावाने येते आणि तिथे हज आधी, रोजे नंतर आहेत. बुखारींनी आपल्या ग्रंथातील प्रकरणेही याच क्रमाने लावली: आधी हज, मग रोजे.

हदीसचे सर्वांत विश्वासार्ह मानले गेलेले दोन संग्रह, मूळ सांगणारा माणूस एकच आणि शब्दांचा क्रम मात्र उलटा. हे कसे घडले, हे कळण्यासाठी हदीस एका पिढीकडून दुसरीकडे कशी पोचली ते पाहावे लागते. ‘रिवायत बिल-माना’ म्हणजे हदीस शब्दशः न सांगता तिचा अर्थ आपल्या शब्दांत सांगणे. त्याला परवानगी द्यायची का, दिली तर कोणाला आणि कुठवर, यावर मुस्लिम विद्वानांनी शतकानुशतके वाद घातला. तो वाद समजला की हदीस वाचण्याची आपली नजरच बदलते.

एकदाच ऐकलेले शब्द

हदीसचे दोन भाग असतात. ‘सनद’ म्हणजे ती कोणी कोणाकडून ऐकली याची साखळी आणि ‘मतन’ म्हणजे प्रत्यक्ष मजकूर. साखळीतल्या प्रत्येक माणसाला ‘रावी’ म्हणतात. पैगंबरांचे निधन इ.स. ६३२ मध्ये झाले. बुखारी ८७० मध्ये वारले, मुस्लिम ८७५ मध्ये. मधल्या काळात काही सहाबींनी आणि त्यांच्या शिष्यांनी हदीस लिहून ठेवल्या होत्या, पण मुख्य भिस्त स्मरणशक्तीवर होती.

इथे कुरआन आणि हदीस यांच्यातला फरक ध्यानात घ्यायला हवा. कुरआनचे शब्द हेच ईश्वराची वाणी मानले जातात. ते नमाजमध्ये रोज म्हटले जातात आणि त्यांतला एकही शब्द समानार्थी शब्दाने बदलता येत नाही. हदीसचे तसे नव्हते. पैगंबर कधी प्रवचनात बोलत, कधी प्रवासात, कधी कोणी प्रश्न विचारला म्हणून. ऐकणाऱ्याला ते शब्द पुन्हा ऐकायला मिळतीलच असे नव्हते.

वासिला इब्न अल-अस्का या सहाबींनी ही अडचण फार नेमकी मांडली. मकहूल नावाचे विद्वान एका सोबत्यासह त्यांच्याकडे गेले आणि ज्यात काही वाढवलेले नाही, काही विसरलेले नाही अशी हदीस ऐकवा, अशी विनंती त्यांनी केली. वासिला यांनी उलट विचारले की तुमच्यापैकी कोणी कुरआन म्हटला आहे का. हो, पण आमचे पाठांतर अगदी पक्के नाही, एखादे अक्षर इकडचे तिकडे होते, असे त्यांनी कबूल केले. त्यावर वासिला म्हणाले की कुरआन तुमच्यासमोर लिहिलेला आहे आणि तरी तुम्ही चुकता. मग जी वचने आम्ही कदाचित एकदाच ऐकली, त्यांचे काय? अर्थ नीट पोचवला तर तेवढ्यावर समाधान माना.

इब्न उमर आणि वासिला दोघेही सहाबीच. दोन्ही भूमिकांची मुळे अशी पहिल्याच पिढीत आहेत. पुढच्या पिढीत तर एकाच शहरात त्या शेजारी शेजारी नांदल्या. बसऱ्याचे हसन बसरी अर्थ सांगत, शब्द मागेपुढे होत. बसऱ्याचेच इब्न सीरीन ऐकलेले अक्षरन् अक्षर तसेच उच्चारत. दोघेही हिजरी ११० मध्ये वारले. हेच इब्न सीरीन सांगत की मी एकच हदीस दहा जणांकडून ऐकत असे, अर्थ एक असे आणि शब्द वेगवेगळे. म्हणजे स्वतः शब्द न सोडणाऱ्या माणसालाही भोवताली काय चालले आहे ते स्वच्छ दिसत होते आणि त्या दहा जणांना त्यांनी खोटे ठरवले नाही.

शब्दांचा आग्रह धरणारे एका प्रसिद्ध हदीसचा आधार घेत. माझे म्हणणे ऐकून ते जसेच्या तसे पोचवणाऱ्याला ईश्वर सतेज ठेवो, अशा आशयाची प्रार्थना तिच्यात आहे. दुसऱ्या पक्षाने या पुराव्याकडेच बोट दाखवले: ही हदीसच वेगवेगळ्या रावींनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितली आहे.

बरा यांचा चुकलेला शब्द

शब्दनिष्ठांचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र वेगळा होता. बरा इब्न आझिब या सहाबींना पैगंबरांनी झोपण्यापूर्वीची एक दुआ शिकवली. आधी वुजू करायचे, उजव्या कुशीवर पडायचे आणि मग ते शब्द म्हणायचे. बरा यांनी ती पाठ झाली का हे पाहण्यासाठी पैगंबरांनाच म्हणून दाखवली. ‘तू पाठवलेल्या नबीवर मी श्रद्धा ठेवली’ अशा अर्थाचे शब्द आले तिथे ते ‘नबी’ऐवजी ‘रसूल’ म्हणून गेले. दोन्ही शब्द मुहम्मदांनाच लागू पडतात. पैगंबरांनी तरीही त्यांना अडवले आणि ‘नबी’ हाच शब्द म्हणायला लावला.

खुद्द पैगंबरांनी एका शब्दाची अदलाबदल खपवून घेतली नाही, मग इतरांना ती मुभा कशी? या प्रश्नाला दुसऱ्या पक्षाने दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. पहिली गोष्ट ही की ती दुआ आहे. उपासनेत म्हणायचे शब्द शिकवल्याप्रमाणेच म्हणायचे असतात, तिथे पर्यायाचा प्रश्नच येत नाही. दुसरी गोष्ट ही की ते दोन शब्द खरोखर समानार्थी नाहीत. ‘रसूल’ म्हणजे पाठवलेला दूत. हा शब्द देवदूतांनाही लागतो, त्यामुळे ‘पाठवलेला रसूल’ म्हटले तर जिब्रीलही अभिप्रेत असू शकतो. शिवाय ‘पाठवलेला दूत’ ही द्विरुक्ती होते. ‘पाठवलेला नबी’ म्हटले की प्रेषितत्व आणि पाठवणी असे दोन्ही अर्थ एकत्र येतात.

म्हणजे बरा यांच्या प्रसंगातून अर्थाने सांगण्यावर सरसकट बंदी निघत नाही. निघतो तो इशारा असा की वरवर सारखे दिसणारे शब्द सारखे असतातच असे नाही आणि तो फरक ज्याला दिसत नाही त्याने शब्दाला हात लावू नये. सगळ्या अटींचे मूळ इथे आहे.

अटी

या अटी स्पष्टपणे मांडणाऱ्या आरंभीच्या विद्वानांत इमाम शाफिई (मृत्यू ८२०) यांचे नाव आधी घ्यावे लागते. ‘अर-रिसाला’ या ग्रंथात विश्वासार्ह रावी कसा असावा हे सांगताना ते दोनच वाटा ठेवतात. शब्द बदलला की अर्थ कुठे आणि कसा बदलतो याची रावीला जाण हवी. ती नसेल तर त्याने हदीस अक्षरशः, ऐकली तशीच सांगावी. कारण जाण नसताना शब्द बदलणारा माणूस नकळत हलालचे हराम करून ठेवील. पहिली अट म्हणून माणसाविषयी आहे: शब्द बदलणाऱ्याला अरबी भाषा आणि हदीसमधल्या शब्दांचे नेमके हेतू कळायला हवेत. पुढे इब्न अस-सलाह (मृत्यू १२४५) यांनी लिहिले की ज्याला हे कळत नाही त्याला परवानगी नाही, यावर विद्वानांत मतभेदच नाही. मतभेद आहे तो जाणकारापुरता, आणि बहुसंख्यांनी जाणकाराला मुभा दिली.

दुसरी अट शब्दाविषयी आहे. नवा शब्द अर्थाने मूळ शब्दाच्या बरोबरीचा हवा. मूळ शब्द सर्वांना लागू असेल तर नवा मोजक्यांना लागू होणारा नको, आणि मूळचा मोजक्यांना लागू असेल तर नवा सर्वव्यापी नको. काही विद्वान आणखी पुढे गेले. नवा शब्द मूळ शब्दापेक्षा दुर्बोध असता कामा नये हे तर झालेच, पण तो जास्त स्पष्टही असू नये, असे ते म्हणाले. जिथे मूळ वचनात दोन अर्थांना वाव आहे, तिथे रावीने त्यातला एक निवडून तोच पुढे पाठवला तर पुढच्या पिढीचा विचार करण्याचा हक्क त्याने हिरावला, असा त्याचा अर्थ होतो.

तिसरी अट मजकुराच्या प्रकाराविषयी आहे. अजान, नमाजमधील पाठ, दुआ असे उपासनेचे शब्द या मुभेतून वगळले गेले. अनेकांनी पैगंबरांची सूत्रवजा वचनेही वगळली. ‘अल-खराज बिद-दमान’ हे त्यातले एक. जोखीम ज्याची, उत्पन्न त्याचे, असा त्याचा ढोबळ अर्थ. एकाने गुलाम विकत घेतला, काही दिवस त्याच्याकडून काम करून घेतले आणि मग त्याच्यातला जुना दोष उघडकीस आला म्हणून त्याला परत केले. मधल्या दिवसांच्या कमाईवर विकणाऱ्याने हक्क सांगितला, तेव्हा हा निवाडा झाला. त्या दिवसांत गुलाम मेला असता तर नुकसान घेणाऱ्याचे झाले असते, म्हणून कमाईही त्याचीच. आता एखाद्या रावीने हे वचन ‘परत केलेल्या गुलामाची कमाई घेणाऱ्याने ठेवावी’ असे सांगितले असते, तर त्या प्रकरणापुरते ते बरोबरच ठरले असते. पण घर, जनावर, शेतजमीन अशा कितीतरी व्यवहारांना लागू पडणारा नियम त्यातून नाहीसा झाला असता.

चौथी बाब स्मरणाविषयी आहे आणि तिथे विद्वान एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांना गेले. मावर्दी (मृत्यू १०५८) यांचे म्हणणे असे की ज्याला मूळ शब्द आठवतात त्याने तेच सांगावेत. शब्द विसरला पण अर्थ पक्का आहे, अशानेच अर्थ सांगावा, नाहीतर धर्माची आज्ञा दडवल्यासारखे होईल. दुसरे काही म्हणत, उलट ज्याला मूळ शब्द आठवतात त्यालाच बदलण्याचा अधिकार, कारण आपण काय बदलतो आहोत हे तोच पडताळून पाहू शकतो.

केशराचा घोळ

अट मोडली की काय होते, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. त्यात चुकलेला माणूस सामान्य नव्हता.

अनस इब्न मालिक या सहाबींकडून अब्दुल अझीझ इब्न सुहैब यांनी आणि त्यांच्याकडून इस्माईल इब्न उलय्या यांनी एक हदीस ऐकली. पुरुषाने अंगाला किंवा कपड्यांना केशर लावू नये, अशी मनाई पैगंबरांनी केली, हा तिचा आशय. इस्माईल यांच्याकडून ती शुअबा यांनी घेतली. शुअबा (मृत्यू ७७६) हे त्या काळचे हदीसचे सर्वांत कडक पारखी, इस्माईलपेक्षा वयाने आणि मानाने मोठे. त्यांनी हदीस पुढे सांगितली ती अशी की पैगंबरांनी केशर लावण्यास मनाई केली.

वाक्य आटोपशीर झाले, पण ‘पुरुष’ हा शब्द गळाला. स्त्रियांना मुळात मनाई नव्हती. शुअबांचे वाक्य कोणी एकटेच वाचले तर त्यांच्यासाठीही केशर निषिद्ध ठरेल. मोजक्यांना लागू असलेला शब्द सर्वव्यापी झाला, दुसऱ्या अटीत जे टाळायला सांगितले होते नेमके तेच घडले. इस्माईल यांनी नंतर उघडपणे सांगितले की शुअबांनी ही माझ्याकडून घेतली, पण ती सांगताना ते चुकले, मी पुरुषाविषयी सांगितले होते.

हे ओळखता आले ते साखळ्या शेजारी शेजारी ठेवल्यामुळे. इस्माईल यांच्याकडून ही हदीस इतरांनीही घेतली होती आणि त्यांच्या सांगण्यात ‘पुरुष’ आहे. अब्दुल अझीझ यांचे दुसरे शिष्य हम्माद इब्न झैद यांची वाट आणखी उद्बोधक आहे. इमाम मुस्लिम यांच्या संग्रहात त्यांचे शब्द शुअबांसारखेच मोघम आहेत, पण त्यांचा शिष्य कुतैबा लगेच नोंदवतो की हम्माद यांनी ‘म्हणजे पुरुषांना’ असा खुलासा केला होता. शब्द आखडला तेव्हा हम्माद यांनी खुलासा जोडून अर्थ सावरला. शुअबांच्या सांगण्यात तो खुलासा नव्हता, आणि सगळा फरक तेवढ्यात आहे.

पाच स्तंभांच्या हदीसचे कोडेही याच रीतीने सुटते. हज आधी ठेवणारी बुखारींची रिवायत हन्झला नावाच्या रावीकडून आली आहे. पण मुस्लिम यांनी हन्झला यांचीच रिवायत वेगळ्या शिष्यामार्फत नोंदवली आहे आणि तिथे रोजे आधी आहेत. ज्या रिवायतीत इब्न उमर स्वतः क्रम दुरुस्त करतात, ती तिसऱ्याच वाटेने आली आहे आणि तीही रोजे आधी सांगते. बुखारींचे भाष्यकार इब्न हजर अस्कलानी (मृत्यू १४४९) यांनी हे सगळे मांडून निष्कर्ष काढला की बुखारींकडची रिवायत अर्थाने सांगितली गेली आहे. ग्रंथाची प्रकरणे ज्या क्रमावर रचली गेली, त्याविषयी त्याच ग्रंथाच्या भाष्यकाराने असे लिहावे, ही या शास्त्राची प्रामाणिक बाजू मला फार मोलाची वाटते.

कागदावर आल्यावर मुभा संपली

शेवटची अट काळाविषयी म्हणता येईल. मुभेमागचे कारण एकच होते: ऐकलेले शब्द हुबेहूब लक्षात ठेवणे कठीण. हदीस ग्रंथात उतरली की ते कारण उरत नाही. म्हणून इब्न अस-सलाह यांनी ठामपणे सांगितले की लिहिलेल्या संग्रहातला शब्द काढून त्या जागी समानार्थी शब्द घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. दुसऱ्याच्या ग्रंथात फेरफार करण्याची परवानगी कधीच कोणी दिलेली नव्हती. त्याआधी काझी इयाद (मृत्यू ११४९) यांनी तर ही वाट बंदच करावी असे सुचवले होते, कारण आपल्याला सगळे कळते असे वाटणारे अर्धवट जाणकार तिच्यात घुसतील.

अरबी व्याकरणकारांत यातून वेगळाच वाद उभा राहिला. व्याकरणाचा नियम सिद्ध करायला इब्न मालिक (मृत्यू १२७४) हदीसमधील वाक्ये पुरावा म्हणून देत. अबू हय्यान (मृत्यू १३४४) यांनी त्याला हरकत घेतली. वाक्याची रचना पैगंबरांचीच आहे की मधल्या एखाद्या रावीची, हे कसे सांगणार, असा त्यांचा सवाल होता. धर्माची आज्ञा काढायला अर्थ पुरतो, भाषेचा नियम काढायला शब्दच लागतो.

मराठी वाचकापुढे

अर्थाने सांगण्याच्या बाजूने इब्न हजर यांनी जो पुरावा सर्वांत बळकट मानला, तो आपल्याशी थेट संबंधित आहे. अरबी न जाणणाऱ्यांना त्यांच्या भाषेत धर्म समजावून सांगणे जाणकाराला योग्य आहे, याबद्दल सर्वांचे एकमत आहे. शब्द संपूर्ण दुसऱ्या भाषेतला घातलेला चालतो, तर अरबीतल्या अरबीत समानार्थी शब्द का चालू नये, असा त्यांचा युक्तिवाद. या नजरेने पाहिले तर मराठीत छापलेली प्रत्येक हदीस ही अर्थाने केलेली रिवायतच ठरते.

मग वर सांगितलेल्या अटी अनुवादकालाही लागू होतात. मूळ वाक्यात ‘पुरुष’ असेल तर मराठीतही तो दिसला पाहिजे. मूळ संदिग्ध असेल तर अनुवादकाने आपल्या पसंतीचा अर्थ वाक्यात मिसळू नये, तो टिपेत द्यावा. दुआ असेल तर अरबी शब्द देवनागरीत देऊन अर्थ वेगळा लिहावा. हदीस कोणत्या संग्रहातली आणि कोणत्या क्रमांकाची, हे नोंदवावे, म्हणजे वाचकाला ती पडताळता येईल. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘हदीस’मध्ये नेमक्या याच गोष्टी नसतात: संग्रह नाही, रावी नाही, आणि तीन-चार वेळा पुन्हा सांगितलेला अर्थ अवतरणचिन्हांत घालून पैगंबरांच्या नावावर दिलेला.

याबाबत जुन्या रावींची एक साधी सवय होती. अनस इब्न मालिक हदीस सांगून झाली की ‘अव कमा काल’, म्हणजे ‘किंवा जसे त्यांनी म्हटले असेल तसे’, असे शब्द जोडत. अब्दुल्लाह इब्न मसूद यांच्याबद्दल त्यांचे शिष्य अम्र इब्न मैमून यांनी सांगितले आहे. दर गुरुवारी संध्याकाळी अम्र त्यांच्याकडे जात, पण ‘पैगंबर म्हणाले’ असे त्यांच्या तोंडून सहसा ऐकू येत नसे. एका संध्याकाळी ते शब्द आले. इब्न मसूद यांनी मान खाली घातली. अम्र यांनी पाहिले तर त्यांच्या सदऱ्याची बटणे सुटलेली, डोळे भरून आलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या. मग ते म्हणाले की याहून थोडे कमी, किंवा थोडे जास्त, किंवा याच्या जवळपासचे काहीतरी.

इब्न मसूद अगदी आरंभीच्या सहाबींपैकी एक. त्यांनी स्वतः ऐकले होते, भाषा त्यांची स्वतःची होती आणि अर्थाबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. एवढा अधिकार असूनही शब्दांची हमी देता येत नाही तिथे त्यांनी तसे सांगून टाकले. आपल्यापर्यंत हदीस अनुवादातून पोचते. तेव्हा ती दुसऱ्याला सांगताना ‘अशा अर्थाची हदीस आहे’ एवढे म्हणणे आणि ती कुठे वाचली ते सांगणे, हे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखे आहे.